कुठली पलटण?

सोलापुरात दोन माजी सैनिक पहिल्यांदा भेटले की एकमेकांचं गाव नंतर विचारतात, आधी विचारतात, “कुठली पलटण?” माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरवर गेली. नोव्हेंबरात हयातीचे दाखले द्यायला माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, माढा, बार्शीकडची माणसं सकाळपासून येऊन बसायची. बाकावर शेजारी बसलेले दोघं अनोळखी असायचे. एक जण म्हणायचा, “जंगी.” दुसरा म्हणायचा, “काली पांचवी.” मग त्यांना माझ्या काउंटरची घाई उरायची नाही.

जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ साली उभी राहिलेली. काली पांचवी म्हणजे दुसरी, १७६९ ची. अडीचशे वर्षांपूर्वीची ही नावं टेंभुर्णीजवळच्या एखाद्या वस्तीवरचा माणूस आपल्या घरच्या नावासारखी सांगतो. असं का होतं, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारचे काका महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून. या दोघांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारून मला जे समजलं, त्यातून हा लेख झाला आहे.

आधी व्यवस्था सांगते, कारण बाहेरच्यांना ती नीट माहीत नसते. पायदळात भरती झालेला जवान ‘फौजेत’ जातो असं आपण म्हणतो, पण तो खरा जातो एका रेजिमेंटमध्ये. रेजिमेंटचं एक सेंटर असतं, मराठ्यांचं बेळगावला, १९२२ पासून. तिथे प्रशिक्षण, तिथेच कसम परेड. मग त्याला रेजिमेंटच्या एखाद्या बटालियनमध्ये, म्हणजे पलटणीत पाठवतात. पलटणीत साधारण आठशे माणसं असतात आणि सहसा जवान पंधरा-सतरा वर्षं, बढती मिळाली तर त्याहून जास्त, त्याच पलटणीत काढतो. आमच्या बँकेत तीन वर्षांनी बदली व्हायची आणि नवीन शाखेत सगळी ओळख पहिल्यापासून करावी लागायची. पलटणीत उलटं असतं. जागा बदलते, काश्मीर होतं, आसाम होतं, राजस्थान होतं, पण आठशे माणसं तीच राहतात. पलटण अख्खीच्या अख्खी हलते.

त्यात ही माणसं एकाच मुलखातली. मामांच्या सेक्शनमध्ये दहा जण होते: कुणी पाटणचा, कुणी खटावचा, दोघं आजऱ्याकडचे, एक सांगोल्याचा. मामांचे सुभेदार साहेब मंगळवेढ्याच्याच बाजूचे. मामांचा थोरला भाऊ आधी त्याच पलटणीत होता आणि या साहेबांच्याच हाताखाली वाढला होता. मामा रुजू झाले तेव्हा साहेबांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, “विहिरीला पाणी आहे का यंदा?” मामा अजून सांगतात, की त्या दिवसापासून त्यांना पळून जायची सोयच उरली नाही. काही वेडंवाकडं केलं असतं तर आठ दिवसांत गावात कळलं असतं. गोळीबारात माणूस जागा सोडत नाही, त्यामागे देशप्रेम असतंच, पण शेजारच्या खंदकात जो आहे तो उद्या आपल्या बहिणीच्या लग्नाला येणार आहे, हेही असतं. मामांच्या तोंडी यासाठी एकच शब्द येतो, इज्जत.

एकदा मामांच्या शेताच्या बांधावरून भाऊबंदकी झाली. मामा तेव्हा सीमेवर. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी कंपनी कमांडरला, आणि पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत महसूल खात्याकडे आलं. तलाठी घरी आले, बांध मोजला गेला. घरच्या माणसाचं काम पलटण इतक्या लांबून करू शकते, कारण तिला ते घर माहीत असतं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांच्या तुकडीतही अशी पत्रं जातात, पण तिथे सुभेदाराला बांध म्हणजे काय भानगड असते ते आधी समजावून सांगावं लागतं.

हा धागा निवृत्तीनंतरही तुटत नाही, ते मी माझ्या काउंटरवर पाहिलं. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की पलटणीतून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये नोंद होते. पुढे फॅमिली पेन्शन मिळते ती या नोंदीवर. आपल्याकडे गोची अशी, की लग्नात बाईचं नाव बदलतात. नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच घरगुती नाव. नवरा गेल्यावर अशी एक बाई माझ्यासमोर उभी होती. मोहोळ तालुक्यातली, अक्षरओळख नाही, हातात कागदांची पिशवी. मी तिला फॉर्म लिहून देऊ शकत होते, एकाच व्यक्तीची ही तीन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला सांगू शकत होते, पण दुरुस्ती बेळगावलाच व्हायची होती. पुढच्या आठवड्यात ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या पलटणीत ते क्लार्क होते, बार्शीला राहत होते. त्यांनी तिची पिशवी जमिनीवर मोकळी केली, कागद तारखेप्रमाणे लावले, कुठली पार्ट टू ऑर्डर कुठल्या साली निघाली असेल ते नवऱ्याच्या रजेच्या तारखांवरून काढलं, आणि तिला व तिच्या मुलाला घेऊन स्वतः बेळगावला गेले. पेन्शन सुरू झाली. त्या गृहस्थांचं तिच्याशी नातं काही नव्हतं. एका पलटणीचे, एवढंच.

म्हणून कुणी रेजिमेंटची पद्धत म्हणजे नुसता जुनाट जातीभेद आहे असं म्हटलं, की मला ते पटत नाही. मी तिचं काम पाहिलं आहे. पण शेजारच्या काकांकडे बसलं की त्याच पद्धतीची दुसरी बाजू दिसते आणि ती पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

काकांच्या घरातली आठवण अशी. त्यांच्या आजोबांचे वडील कंपनी सरकारच्या काळापासून चालत आलेल्या मुंबईच्या फौजेत शिपाई होते. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये कामगार. वडील १९४२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. काका त्याच रेजिमेंटमध्ये गेले. मधली एक पिढी फौजेत का नाही? आजोबा धडधाकट होते, पहिलवानकी करायचे, जायची इच्छाही होती. त्यांना घेतलं नाही, कारण तेव्हा महारांना घेतच नव्हते.

मुंबईच्या फौजेत मूळची पद्धत अशी नव्हती. बंगालच्या फौजेत अवध-बिहारकडच्या वरच्या जातींचा भरणा होता आणि तिथे सोवळंओवळं सांभाळलं जाई. मुंबईच्या फौजेत मराठा, महार, मुसलमान, ‘परदेशी’ म्हटले जाणारे उत्तर हिंदुस्थानी, बेनेइस्रायल ज्यू एका रांगेत उभे राहत आणि एका तंबूत झोपत. जात गावाकडे, रांगेत फक्त नोकरीची ज्येष्ठता, असा त्या फौजेचा लौकिक होता. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली, म्हणजे महार शिपायांची, बावीस आहेत, आणि त्यांच्याबरोबर इतर जातिधर्मांचीही आहेत. म्हणजे ज्या जंगी पलटणीचा जन्म १७६८ चा, ती जन्मतः फक्त मराठ्यांची नव्हती.

बदल झाला तो १८५७ नंतरच्या काही दशकांत. अमुक जाती लढाऊ, अमुक नाहीत, हा विचार इंग्रज सेनापतींमध्ये बळावला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, ते त्याचे मोठे पुरस्कर्ते. पलटणीतली प्रत्येक कंपनी एकेका ‘क्लास’ची, म्हणजे एकेका जातीची करायची असं ठरलं. एकदा कंपनी एका जातीची झाली की अडचण लगेच उभी राहते. ज्या जातीची वेगळी कंपनी करायची नाही, तिच्या माणसांना उभं राहायला जागाच उरत नाही. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पुढे १९०३ मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या पलटणींच्या नावात ‘मराठा’ आलं. त्यांत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, पण महारांची एकही नव्हती. आपण ज्याला परंपरा म्हणतो, तिचा हा भाग साधारण सव्वाशे वर्षांचा आहे.

भरती बंद होण्याने काय गेलं, ते नुसत्या नोकऱ्यांच्या हिशेबात कळत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार फौजेत होते, फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. आजोबा मालोजीही फौजेतच. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. फौजेत शिपायांच्या मुलामुलींना लिहायवाचायला शिकवत. बाहेर ज्या समाजाला शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्याला छावणीत अक्षर मिळत होतं, पेन्शन मिळत होती आणि ‘सुभेदार’ म्हणून हाक ऐकायला मिळत होती. जन्मानंतर एका वर्षातच तो रस्ता त्यांच्या सगळ्या पिढीसाठी बंद झाला. फौजेतूनच निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींकडे अर्ज केला, त्यात आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी लढाया मारल्या, हे सांगितलं. उपयोग झाला नाही.

रेजिमेंटची पद्धत साखळीने चालते. बापामागे मुलगा, भावामागे भाऊ. आजही सेंटरवर ‘रिलेशन भरती’ असते. आजी-माजी सैनिकांचे मुलगे, सख्खे भाऊ यांच्यासाठी रेजिमेंटच्या मुख्यालयाचा वेगळा कोटा, त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसचं रिलेशन सर्टिफिकेट लागतं. मामांना त्याचा फायदा झाला. त्यात गैर काही आहे असं मी म्हणत नाही, घरात फौजी असला की मुलाला काय वाढून ठेवलंय ते माहीत असतं आणि तो टिकतो. पण ज्या घराची साखळी एकदा तुटली, त्याला कोण सर्टिफिकेट देणार? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली, आणि १९२१ पर्यंत ती मोडली. बेळगावला पुन्हा महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात. बाबासाहेब त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले होते आणि हा आग्रह त्यांनी लावून धरला होता. १८९२ ते १९४१. काकांचे आजोबा या मधल्या काळात तरुण होते.

नवी पलटण उभी करणं म्हणजे काय, हे काकांनी वडिलांकडून ऐकलेलं आहे. शिपाई भरपूर येतात. नाईक, हवालदार, सुभेदार कुठून आणायचे? ते पलटणीतच पंधरा वर्षं मुरावे लागतात. १११ व्या पलटणीतली माणसं एव्हाना चाळिशी-पन्नाशीला आली होती. आठशे माणसांचा दैनंदिन गाडा या मधल्या फळीवर चालतो आणि १९२१ ला पलटण मोडली तेव्हा ती फळीच मोडली होती. काकांचे वडील म्हणायचे, आम्हाला बंदूक शिकवणारे भेटले, पण ‘आपल्या पलटणीत असं करत नाहीत’ असं सांगणारा जुना माणूस नव्हता. तो आम्हालाच व्हावं लागलं.

आणि ते झाले. त्या रेजिमेंटचं पुढे जे झालं, ते मला सगळ्यात विचार करायला लावतं. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं. बोधचिन्हात आधी कोरेगावचा स्तंभ होता, नंतर एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या व्हिकर्स मशीनगन आल्या. १९५६ मध्ये पंजाब सीमेवरच्या स्काउट्सच्या तुकड्या तिच्यात सामील होऊन चौथी, पाचवी, सहावी बटालियन झाली. १९६३ पासून ती पुन्हा पायदळ झाली. आता तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. काही पलटणींत आजही महार जवान जास्त, पण रेजिमेंट सगळ्या देशाची, सगळ्या जातींची आहे. तिची युद्धघोषणा कुठल्याही देवाची, राजाची किंवा प्रांताची नाही, ‘बोलो हिंदुस्तान की जय’ अशी आहे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत नोव्हेंबर १९८७ मध्ये छातीला गोळी लागल्यावर समोरच्याची रायफल हिसकावून घेणारे आणि परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले तमिळ, आठव्या महार बटालियनचे.

काकांच्या सेक्शनमध्ये एक उडिया होता, दोन पंजाबकडचे, एक बंगाली, बाकी आपल्याकडचे. मी विचारलं, मग मामा सांगतात ती विहिरीच्या पाण्याची चौकशी तुमच्याकडे कशी होत असे? काका म्हणाले, “वेळ लागायचा. पहिलं वर्षभर नुसतं हिंदी. एकाला भात लागतो, दुसऱ्याला रोटी, लंगरमध्ये दोन्ही. मग एकदा बर्फात तीन महिने एका बंकरमध्ये काढले. त्यानंतर त्या उडियाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे ते मला पाठ होतं.” माणसं एकमेकांची होतात ती जातीने नव्हे, एकत्र काढलेल्या वर्षांनी होतात, असं काकांचं ठाम मत आहे. एका मुलखातली माणसं असतील तर ते काम वर्षाच्या जागी महिन्यात होतं, इतकाच फरक. मामांना हे अर्धं मान्य आहे. त्यांचं म्हणणं, लढाई पहिल्याच महिन्यात आली तर?

मामांच्या या प्रश्नात दम आहे. पण एका मुलखाची तुकडी असण्याची दुसरी किंमतही लढाईतच मोजावी लागते. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथे १३ कुमाऊँ बटालियनची चार्ली कंपनी लढली. कंपनी कमांडर मेजर शैतान सिंह जोधपूरकडचे, बाकी जवळपास सगळे जवान अहीर, हरियाणातल्या रेवाडी-गुडगाव-नारनौलच्या पट्ट्यातले. मधे डोंगर आल्यामुळे आपल्या तोफांचा मारा तिथे पोचत नव्हता. सव्वाशेच्या आसपास माणसं होती, त्यांतली शंभरावर तिथेच पडली. फेब्रुवारीत बर्फ थोडं हटलं तेव्हा त्यांचे देह खंदकांत, हातात हत्यार धरलेल्या अवस्थेत सापडले. इतकी माणसं शेवटपर्यंत एका जागी का उभी राहिली, याचं मामांचं उत्तर बरोबर आहे, ते सगळे एकमेकांच्या गावचे होते. पण याच कारणाने त्या एका पट्ट्यातल्या कितीतरी घरांवर एकाच दिवसाचा घाला पडला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने हे पहिल्या महायुद्धात सोसलं आहे. त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत.

लढाई एका दिवसात संपत नाही, तेव्हा आणखी एक पेच येतो: पडलेल्यांच्या जागी कुणाला पाठवायचं? १९१४-१५ च्या हिवाळ्यात हिंदी फौज फ्रान्समध्ये होती, तिथे हा पेच उघडा पडला. गढवाली कंपनीला गढवालीच हवे, डोगऱ्यांना डोगरेच. राखीव माणसं मोजकी, त्यांतली बरीच वयस्क. गढवालींच्या दोन्ही बटालियन इतक्या झिजल्या, की १९१५ मध्ये त्यांची मिळून एकच करावी लागली. आणि या जवानांची भाषा जाणणारे इंग्रज अधिकारी पडले, तेव्हा बदली आलेल्यांना हुकूम समजावून देणंही जड गेलं. घट्ट विणलेल्या तुकडीत बाहेरचा धागा पटकन बसत नाही. ज्या गुणासाठी ती विणली, त्याचाच हा परिणाम.

१९८४ चाही उल्लेख करायला हवा, जरी तो करताना जड जातं. सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर शीख रेजिमेंटच्या रामगढच्या सेंटरवर नव्या जवानांनी बंड केलं, कमांडंट ब्रिगेडियर पुरी मारले गेले. बहुतेक शीख पलटणी त्या दिवसांत जागच्या हलल्या नाहीत, हे विसरता कामा नये. पण समाजाला झालेली जखम एका समाजाच्या तुकडीत थेट पोचते, मधे अडवायला दुसरं कुणी नसतं, हे तेव्हा दिसलं. सगळ्या जातिप्रांतांची मिश्र रेजिमेंट ही कल्पना आपल्याकडे त्याआधीपासून होती. जनरल करिअप्पांनी १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स तशीच उभी केली होती.

आता सोलापूरचं. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, शिवाय कन्नड कानावर. त्या भागातला एक मुलगा माझ्याकडे बँकेच्या परीक्षेची पुस्तकं न्यायला यायचा. त्याच्या वडिलांचा पॉवरलूमवर टॉवेलचा धंदा. वर्षभरापूर्वी त्याने बँकेचा नाद सोडला आणि पहाटे पळायला लागला. सोळाशे मीटरची वेळ, बीमवर किती पुलअप, छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढते का, हेच त्याचं बोलणं. त्याने मामांना विचारलं, मी मराठा लाइट इन्फंट्रीत जाऊ शकतो का? शिवजयंतीच्या मिरवणुकीत तो लेझीम खेळतो, शिवाजी महाराजांच्या नावाने घोषणा देत चढाई करणारी पलटण त्याला आपली वाटते.

मामा गप्प झाले. जुन्या हिशेबात त्याला फौज बंद नव्हती. तोफखाना, सिग्नल, गार्ड्स, काकांची महार रेजिमेंट, सगळं होतं. आंध्रात जन्मला असता तर मद्रास रेजिमेंट होती, तिथे दक्षिणेतली सगळी माणसं जात न पाहता एकत्र घेतात. पण हा महाराष्ट्राचा रहिवासी, मातृभाषा तेलुगू, जातीने विणकर. ‘मराठा’ या क्लासच्या रकान्यात तो बसत नाही. मुलूख त्याचाही तोच आहे, चार पिढ्यांपासून. फौजेने न्यायालयात सांगितलं आहे, की भरती जातीवर होत नाही आणि काही रेजिमेंट्सची रचना व्यवस्थेच्या व लढाईच्या सोयीसाठी आहे. हे मला समजतं. पण सोय जर मुलखाची आहे, एका भाषेची आहे, तर ती या मुलाकडे आहे. मद्रास रेजिमेंट हे करून दाखवते. बेळगावच्या सेंटरने बोली, मुलूख, घोषणा, ४ फेब्रुवारीचा सिंहगडाचा दिवस, सगळं राखावं आणि जातीचा रकाना तेवढा काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं झालं तर मुंबईच्या जुन्या फौजेकडेच परत गेल्यासारखं होईल.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हा सगळ्या देशातून, सगळ्या वर्गांतून भरती असं जाहीर झालं आणि रेजिमेंटची पद्धत बदलणार नाही असंही सांगितलं गेलं. त्या दिवशी मामा आणि काका माझ्या अंगणात बसून दोन तास भांडले. मला वाटलं होतं मामांना राग येईल आणि काका खूश होतील. झालं वेगळंच. मिश्र भरतीवर दोघांचे मतभेद होते, पण चार वर्षांच्या मुदतीवर काकाच जास्त अस्वस्थ झाले. त्यांचा मुद्दा साधा आहे. चार वर्षांत पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणात जाणार, रजा वेगळ्या. शेवटी चारांतला एकच कायम राहणार. दहा जणांच्या एका सेक्शनमध्ये सगळे अग्निवीर धरले तर दोघं-तिघं उरणार. “आमच्याकडे उडियाला ओळखायला मला दोन वर्षं लागली, आणि तो माझ्या जागेवर टपलेला नव्हता,” काका म्हणाले. “आता शेजारचा पोरगा माझा भाऊ पण आहे आणि माझा स्पर्धक पण. बर्फात त्याचा पाय घसरला तर मी हात देईनच. पण कुणी चुकला तर वर सांगायचं की झाकायचं, याचा विचार आता वेगळ्या कारणाने होईल.”

मिश्र तुकडीला जास्त वेळ लागतो आणि योजनेत वेळच कमी केला आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि काकांसारखा माणूस, ज्याने मिश्र पलटणीत आयुष्य काढलं, तोच हे सांगतो, म्हणून मी ते गांभीर्याने घेते. नाईक-हवालदारांची मधली फळी कायम राहिलेल्या पाव हिश्श्यातूनच तयार होणार आहे. ती पक्की असेल तर बरंच सावरेल. १९४१ मध्ये जुनी माणसं नसताना काय होतं ते काकांच्या घराने पाहिलंय.

पूर्व भागातल्या त्या मुलाची ऑनलाइन परीक्षा झाली आहे, मैदानी चाचणीचं बोलावणं यायचंय. परवा तो मामांकडे आला होता. मामांनी त्याला दीड तास बसवून घेतलं आणि सेक्शन म्हणजे काय ते समजावलं: दहा जणांची नावं, गावं, कुणाच्या घरी काय चाललंय हे आठवडाभरात पाठ झालं पाहिजे, रात्रीच्या गस्तीला कुणाचा खोकला कुठला ते अंधारात ओळखता आलं पाहिजे. काका शेजारीच होते. ते मामांना म्हणाले, “हे तुम्ही त्याला मराठीत सांगितलं आणि त्याला सगळं कळलं. मग बेळगावला काय अडचण आहे?” मामांनी त्यावर मुलालाच विचारलं, की खंदकात घाबरलास तर तोंडातून पहिला शब्द तेलुगू येईल की मराठी. मुलगा म्हणाला, “आई. दोन्हीकडे म्हणतो.” मामा म्हणाले, ठीक आहे, सोळाशे मीटर आधी साडेपाच मिनिटांत आण, बाकीचं सेंटर बघून घेईल.